८ जीबीवाला फोन ६ जीबीवाल्यापेक्षा हळू का चालतो?

"एका फोनमध्ये ८ जीबी रॅम आणि १२८ स्टोरेज आहे, दुसऱ्यात ६ जीबी आणि १२८. किंमत जवळपास सारखीच. दुकानदार म्हणतो ८ वाला घ्या, वर ८ व्हर्च्युअल मिळते म्हणजे १६ झाली. पण मित्राचा ६ वाला माझ्यासमोर जास्त फास्ट चालला, ॲप पटकन उघडतात, अडकत नाही. असं कसं? वापर म्हणाल तर व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब, फोटो, एवढंच."

तुमच्या डोळ्यांनी बरोबरच बघितलंय. त्या दोन्ही फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये "स्टोरेज टाइप" किंवा "रॉम टाइप" अशी एक ओळ असते का ते बघा. माझा अंदाज असा की ६ वाल्याला तिथे यूएफएस २.२ लिहिलेलं असेल आणि ८ वाल्याला एकतर ईएमएमसी ५.१ असेल, नाहीतर ती ओळच गायब असेल. हे दोन्ही फोनच्या आत डेटा साठवणाऱ्या चिपचे प्रकार, यूएफएस वेगवान आणि ईएमएमसी जुना, हळू. ओळ गायब असली की मी ईएमएमसीच धरून चालतो, कारण यूएफएस टाकलेला असला की कंपनी तो बॉक्सवर मोठ्या अक्षरात मिरवते, लपवत नाही. मी मोबाइल रिपेअरिंग करतो, बोर्डलेव्हल, म्हणजे या चिपा उचलणं, रीबॉल करणं, डेटा काढणं हे रोजचंच काम, आणि "फोन हँग होतो" म्हणून जे फोन टेबलावर येतात त्यातल्या स्वस्त फोनांमध्ये रॅम कमी पडलीये असं निघतं त्यापेक्षा स्टोरेज दमलंय असं निघण्याचं प्रमाण खूप जास्त आहे.

आता हे असं का होतं ते जरा नीट सांगतो, कारण एकदा डोक्यात बसलं की दुकानदार काहीही बोलू दे.

१२८ जीबी हा आकडा फक्त किती मावतं ते सांगतो. तो माल आत-बाहेर किती पटकन होतो हे त्या आकड्यात कुठेच नाही. ईएमएमसी ५.१ हा स्टँडर्ड आला २०१५ मध्ये, त्यात ८ बिटची पॅरलल बस, म्हणजे डेटा नेणाऱ्या आठ तारा असतात आणि कमाल वेग ४०० एमबी प्रति सेकंद, तोही कागदावर, प्रत्यक्षात वाचायला २५०-३०० मिळाले तरी चांगलं म्हणायचं आणि लिहायला त्याहून बरंच कमी. यूएफएस २.१ किंवा २.२ मध्ये दोन सीरियल लेन असतात, कागदावर साधारण १२०० एमबीपर्यंत जातं, प्रत्यक्षात फोनप्रमाणे ५०० पासून ९०० पर्यंत दिसतं. ३.१ ला कागदावर २९०० आणि ४.० ला ५८००, पण ते महाग फोनांचं गणित झालं, तुमच्या बजेटमध्ये खरी लढाई ईएमएमसी ५.१ आणि यूएफएस २.२ मध्येच असते.

पण हे मोठे आकडेसुद्धा तुमच्या रोजच्या वापराला तितकेसे लागू नाहीत, हे आधी सांगतो. ३०० विरुद्ध ९०० चा फरक तुम्हाला एखादी २ जीबीची फिल्म कॉपी करताना जाणवेल, पण आपण दिवसभर फिल्म कॉपी करत बसत नाही. ॲप उघडताना फोन काय करतो? ॲपची फाइल, तिच्या लायब्ररी, कंपाइल करून ठेवलेला कोड, डेटाबेस, छोटे छोटे आयकॉन आणि थंबनेल, हे सगळं स्टोरेजच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातून ४-४ केबीच्या तुकड्यात, फार तर थोड्या मोठ्या तुकड्यात उचलतो, आणि पुष्कळदा एक तुकडा आल्याशिवाय पुढचा कुठला हवा तेच त्याला कळत नाही. म्हणजे इथे एका सेकंदात किती एमबी यापेक्षा एका सेकंदात किती तुकडे हे महत्त्वाचं, त्यालाच रँडम रीड म्हणतात आणि ते आयओपीएसमध्ये मोजतात.

सॅमसंगने २०१५ मध्ये पहिली १२८ जीबीची यूएफएस २.० चिप जाहीर केली तेव्हा त्यांनीच आकडा दिला होता, सेकंदाला १९,००० रँडम रीड, आणि तो तेव्हाच्या ईएमएमसी ५.० च्या २.७ पट आहे असं सांगितलं होतं, म्हणजे ईएमएमसी झालं साधारण ७,०००. पुढच्याच वर्षी त्यांच्या २५६ जीबीच्या यूएफएस चिपला ४५,००० चा आकडा आला. आता समजा एखादं जड ॲप पहिल्यांदा उघडताना दहा हजार छोटे तुकडे लागतात (हा आकडा मी हिशोबाला सोपा म्हणून धरलाय, ॲपप्रमाणे कमीजास्त होणार). ७,००० च्या वेगाने त्याला जवळजवळ दीड सेकंद नुसतं वाचायला लागेल, १९,००० ने अर्धा सेकंद, ४५,००० ने पाव सेकंदाहून कमी. आणि हे कंपनीचे आकडे आहेत, खूप रिक्वेस्ट एकदम रांगेत लावून काढलेले, खऱ्या फोनवर दोन्हीकडे यापेक्षा कमीच मिळतं पण फरक तसाच राहतो. हा जो एक सेकंद आहे ना, बोट ठेवल्यापासून पांढरी स्क्रीन दिसत राहते तो, त्यालाच आपण "फोन स्लो आहे" म्हणतो.

इथे लोक विचारतात की मग रॅम कशाला असते, ॲप रॅममध्येच राहतं ना? राहतं, आणि राहिलं तर दुसऱ्यांदा उघडताना स्टोरेजला फारसा हात लावावाच लागत नाही, तेव्हा ८ जीबीचा फायदा खरा आहे. पण स्वस्त फोनमध्ये दोन गोष्टी होतात. एक म्हणजे बॅटरी वाचवायला कंपनीचं सॉफ्टवेअर मागची ॲप धडाधड मारून टाकतं, रॅम मोकळी असली तरी, त्यामुळे सकाळी उघडलेलं यूपीआय ॲप दुपारी चहाच्या टपरीवर परत पहिल्यापासून उघडतं. दुसरं म्हणजे फोन रीस्टार्ट झाला, ॲप अपडेट झालं, की तेव्हाही सुरुवात शून्यापासून. म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त वेळा स्टोरेजकडूनच मागावं लागतं, आणि तिथे ती ८ जीबी रॅम नुसती बघत बसते.

आता खरी मेख. ईएमएमसीमध्ये वाचायचा आणि लिहायचा मार्ग एकच आहे. एकेरी पुलासारखं समजा, एका बाजूची गाडी पार झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूची सोडता येत नाही. यूएफएसमध्ये जायची आणि यायची लेन वेगळी, दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात. ईएमएमसी ५.१ मध्ये कमांडची रांग लावायची सोय आली, म्हणजे कुठलं काम आधी करायचं ते चिप थोडं हुशारीने ठरवू शकते, पण तारा त्याच राहिल्या. आणि हे का महत्त्वाचं, कारण फोन सतत काहीतरी लिहीत असतो. व्हॉट्सॲपवर एक "गुड मॉर्निंग" आला तरी तो डेटाबेसमध्ये लिहिला जातो, आणि मेसेज हरवू नये म्हणून सिस्टीम तो चिपमध्ये खरोखर उतरला का याची खात्री होईपर्यंत थांबते. चार ग्रुपमध्ये पन्नास मेसेज, त्यात फोटो आपोआप डाउनलोड, वर प्लेस्टोअर मागे तीन ॲप अपडेट करतंय, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही फोनपे किंवा कॅमेरा उघडता. यूएफएसवर हे खपून जातं, ईएमएमसीवर तुमचं वाचन त्या लिखाणाच्या मागे रांगेत उभं राहतं आणि फोन दोन-तीन सेकंद दगड होतो.

म्हणून माझी दुकानातली सगळ्यात सोपी परीक्षा हीच आहे, कुठलंही बेंचमार्क ॲप नको. डेमो फोन हातात मिळाला आणि नेट असलं तर प्लेस्टोअरवरून एखादा मोठा गेम इन्स्टॉलला लावा, आणि डाउनलोड संपून "इन्स्टॉल होत आहे" आलं की लगेच कॅमेरा उघडा, गॅलरी उघडा, सेटिंगमध्ये खालीवर स्क्रोल करा. ईएमएमसीवाला फोन त्या वेळेत लगेच ओळखू येतो, स्क्रोल झटके खातं, कॅमेऱ्याची काळी स्क्रीन राहते. इन्स्टॉल संपलं की परत बरा चालतो. एरवी काही न करता स्क्रोल केलं तर दोन्ही फोन सारखेच गुळगुळीत वाटतात, आणि दुकानात आपण नेमकं तेवढंच करून बघतो.

व्हर्च्युअल रॅमबद्दल जरा स्पष्टच बोलतो. ८ अधिक ८ बरोबर १६ हे गणित चुकीचं आहे. ती दुसरी ८ म्हणजे तुमच्याच १२८ मधला एक तुकडा बाजूला काढून त्यात रॅममधलं न लागणारं सामान नेऊन टाकायचं. रॅमला एक गोष्ट आणून द्यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, फ्लॅशला शंभर मायक्रोसेकंदाच्या घरात, म्हणजे हजारेक पट फरक. यूएफएस ३.१ वर हे थोडंफार चालून जातं. पण ईएमएमसीवर तुम्ही काय करताय बघा, जो मार्ग आधीच तुंबलाय त्याच्यावरच रॅमचा माल आणून टाकताय, वर सतत लिहिल्यामुळे चिप झिजते ती वेगळीच. अँड्रॉइडमध्ये झेडरॅम नावाची वेगळी सोय आधीपासूनच असते, त्यात सामान दाबून लहान करून रॅममध्येच ठेवतात, स्टोरेजला हात लावत नाहीत, ती चांगली आहे आणि ती आपोआप चालते. तुमचा फोन ईएमएमसीवाला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन "रॅम प्लस", "मेमरी एक्स्टेंशन", जे काही नाव असेल ते शून्यावर आणा किंवा बंद करा आणि रीस्टार्ट करा. पुष्कळांना तेवढ्यानेच फरक जाणवतो. ४ जीबीवाल्या फोनवर मात्र बंद केल्यावर ॲप जास्त वेळा नव्याने उघडायला लागली तर परत थोडी चालू करून बघा, तिथे सरसकट नियम नाही.

आता रॅमचा प्रकार. इथे मी थोडा थंड आहे, म्हणजे एलपीडीडीआर४एक्स की एलपीडीडीआर५ यावर लोक जितकं भांडतात तितका फरक तुमच्या वापरात पडत नाही. हिशोब करून बघू. फुल एचडी प्लस स्क्रीन म्हणजे १०८० गुणिले २४०० पिक्सेल, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम साधारण १० एमबीची. १२० हर्ट्झवर सेकंदाला १२० फ्रेम, झाले सव्वा जीबी प्रति सेकंद, आणि ती फ्रेम बनवताना दोन-चार थर एकावर एक लावावे लागतात म्हणून तीन-चार पट धरा, तरी पाच जीबीच्या आत. हेलिओ जी९९ सारख्या प्रोसेसरला एलपीडीडीआर४एक्स पूर्ण वेगाने, म्हणजे ४२६६ ने, ३२ बिट बसवर लावली की सेकंदाला १७ जीबी मिळतात. म्हणजे व्हॉट्सॲप-यूट्यूबला ती पुरून उरते. एलपीडीडीआर५ महाग फोनमध्ये ६४ बिट बसवर ५१ जीबीपर्यंत जाते, तिचा उपयोग जड गेम, ४के व्हिडिओ, एकामागून एक फोटो काढून ते जोडणारा कॅमेरा, अशा वेळी दिसतो, कारण प्रोसेसर, ग्राफिक्स आणि कॅमेरा तिघेही एकाच रॅममधून ओढत असतात. शिवाय तेवढंच काम कमी विजेत करते. पण पहिला बाइट हाताशी येईपर्यंतचा जो वेळ असतो तो ४एक्स वरून ५ वर गेलं म्हणून फारसा कमी होत नाही, त्यामुळे ॲप उघडणं काही दुप्पट होत नाही.

फरक खरा जाणवतो तो खालच्या टोकाला. एलपीडीडीआर३ ची रॅम १८६६ च्या वेगाने त्याच ३२ बिट बसवर साडेसात जीबीच देते, आणि त्यात वरचे पाच स्क्रीनलाच गेले तर उरलं काय? हेलिओ जी३५ सारखे प्रोसेसर तर एलपीडीडीआर३ पण चालवतात आणि ४एक्स पण, म्हणजे प्रोसेसरचं नाव एकच आणि रॅम कुठली ते फोन बनवणाऱ्याच्या मर्जीवर. आणि ४एक्स लिहिलं म्हणजेही सगळं एकसारखं नसतं, जी८५ वर तीच ४एक्स ३६०० ने चालते आणि जी९९ वर ४२६६ ने. तर रॅमच्या प्रकाराबद्दल मी एवढंच बघतो की एलपीडीडीआर३ नको, ४एक्स असली की पुढे जीबी आणि स्टोरेज बघायला लागायचं.

एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळा माल हा प्रकार काही नवीन नाही. २०१७ मध्ये हुआवेचा पी१० आला, तो फ्लॅगशिप होता, स्वस्त फोन नव्हे. लोकांनी बेंचमार्क लावून बघितलं तर काहींच्या फोनला वाचनाचा वेग ७५० एमबीच्या वर आणि काहींच्या अगदी तशाच फोनला ३०० च्या आसपास. बाहेरून बॉक्स तोच, जीबी तेच, किंमत तीच, आत मात्र कुणाला यूएफएस २.१, कुणाला २.०, कुणाला ईएमएमसी ५.१. रॅममध्येही एलपीडीडीआर३ आणि ४ ची सरमिसळ निघाली. त्यांचे त्या वेळचे मोबाइल विभागाचे प्रमुख रिचर्ड यू यांनी फ्लॅश चिपांचा तुटवडा हे कारण दिलं होतं. दुसरं उदाहरण उलट बाजूचं, सॅमसंग गॅलॅक्सी एस२३: १२८ जीबीवाल्याला यूएफएस ३.१ आणि २५६ वाल्याला ४.०. तिथे लपवाछपवी नव्हती, पण नुसतं मॉडेलचं नाव बघून रिव्ह्यू वाचणाऱ्याला हे कळत नाही, कारण रिव्ह्यूसाठी कंपनी बऱ्याचदा मोठा व्हेरिएंट पाठवते आणि आपण घेतो छोटा. म्हणून रिव्ह्यू बघताना त्यांच्या हातात कुठला व्हेरिएंट आहे ते नक्की बघा.

आणि इथेच जीबीचा आकडा परत खेळात येतो, तोही सांगायला हवा, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. फ्लॅशची चिप जितकी मोठी तितक्या तिच्या आतल्या थप्प्या जास्त, आणि जास्त थप्प्यांवर एकाच वेळी काम चालतं, म्हणून एकाच स्टँडर्डची २५६ ची चिप ६४ च्या चिपपेक्षा सहसा वेगवान असते. शिवाय रिकामी जागा. फ्लॅशवर जुन्या लिखाणावर थेट नवीन लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि जागा भरली की चिपला आतल्या आत सामान हलवून ब्लॉक मोकळे करत बसावं लागतं, तेवढा वेळ तुम्ही थांबायचं. यूएफएस २.२ मध्ये २०२० साली रायटबूस्टर आला, म्हणजे चिपचा थोडा भाग वेगवान मोडमध्ये वापरून आलेलं लिखाण आधी तिथे झेलायचं आणि नंतर निवांत आत न्यायचं, पण स्टोरेज गच्च भरलं की हा भागही आकसतो. त्यामुळे ६४ जीबीचा यूएफएस फोन ९८ टक्के भरून ठेवलात तर तोही रडणारच. मी गिऱ्हाइकांना पाचातला एक भाग मोकळा ठेवा असं सांगतो, आणि रात्री चार्जिंगला लावून फोन चालू राहू द्या, कारण जुने पुसलेले ब्लॉक खरोखर मोकळे करायचं काम अँड्रॉइड फोन निवांत असताना, चार्जिंगवर असताना करतो.

ईएमएमसी म्हणजे कचरा असंही नाही हं. पहिले सहा-आठ महिने तो ठीकच चालतो, म्हणून तर रिव्ह्यू चांगले येतात. ॲप कमी, चिप नवी, जागा रिकामी. दीड-दोन वर्षांनी व्हॉट्सॲपचा फोल्डर वीस-तीस जीबीचा झालेला असतो, ॲप आधीच्यापेक्षा जड झालेली, अँड्रॉइडचं एखादं मोठं अपडेट बसलेलं, आणि मग तोच फोन कीबोर्ड उघडायला पण विचार करतो. तेव्हा लोक येऊन म्हणतात "रॅम वाढवून द्या". ती वाढत नाही, म्हणजे सहजासहजी नाही. स्वस्त फोनमध्ये रॅम आणि स्टोरेज दोन्ही एकाच पॅकेजमध्ये असतात, ईएमसीपी म्हणतात त्याला, आणि यूएफएसवाल्याला यूएमसीपी. ते अख्खं पॅकेज काढून मोठ्या जीबीचं बसवणारे कारागीर आहेत, पण ईएमसीपीच्या जागी यूएमसीपी बसत नाही, पिनांची मांडणीच वेगळी आणि बोर्डवरच्या तारापण वेगळ्या. म्हणजे जीबी एकवेळ वाढतील, प्रकार बदलत नाही. घेताना जो घेतला तोच शेवटपर्यंत.

चिप खरंच झिजलीये का नुसती भरलीये हे कसं कळतं? आमच्याकडे चिप वाचायच्या यंत्राला लावून चिपच्या रजिस्टरमधून, म्हणजे तिच्या आतल्या नोंदींतून, आयुष्य वाचता येतं, ईएमएमसी ५.० पासून ती सोय आहे. ० ते १० टक्के वापरलं की ०x०१, मग दर दहा टक्क्याला एक पायरी, आणि ०x०बी आलं म्हणजे ठरवलेलं आयुष्य संपलं. वेगळ्या एका रजिस्टरमध्ये राखीव ब्लॉकची अवस्था असते, तिथे २ आला म्हणजे राखीवातले ८० टक्के संपले, ३ आला म्हणजे आता कधीही. घरी बसून तुम्हाला हे बघता येणार नाही, पण एक खूण पक्की आहे: तुम्ही फोटो डिलीट केले, ॲप काढून टाकलं, फोन रीस्टार्ट केला, आणि सगळं परत जसंच्या तसं हजर. काही जण तर फॅक्टरी रीसेट करतात आणि फोन जुन्याच वॉलपेपरसकट चालू होतो. ते भूत नाही, चिपने लिखाण बंद केलंय आणि फक्त वाचू देतीये. अशा वेळी एकच काम करायचं, त्याच दिवशी फोटो आणि चॅटचा बॅकअप बाहेर काढायचा, कारण वाचणं किती दिवस चालेल याची खात्री कोणी देत नाही. सॉफ्टवेअर मारून ते बरं होत नाही, चिप बदलावी लागते.

आता तुमच्या खरेदीकडे. स्पेसिफिकेशनमध्ये ओळ नसेल तर प्रोसेसरवरून बराच अंदाज येतो. हेलिओ जी८५, जी३७ वगैरे असेल तर ईएमएमसीच, कारण त्या प्रोसेसरलाच यूएफएस जोडता येत नाही. हेलिओ जी९९, डायमेन्सिटी ६३०० असेल तर बहुतेक यूएफएस २.२. स्नॅपड्रॅगन ६८० दोन्ही घेतो, तिथे विचारायलाच लागेल. आणि प्रोसेसर काय चालवू शकतो आणि फोनमध्ये काय बसवलंय यात फरक असतो हे विसरू नका, स्नॅपड्रॅगन ४ जेन २ ला यूएफएस ३.१ आणि एलपीडीडीआर५एक्स पर्यंत जमतं पण त्या प्रोसेसरचे फोन बऱ्याचदा २.२ आणि ४एक्स घेऊनच येतात.

फोन हातात आल्यावर, परत द्यायची मुदत आहे तोवर, एकदा खात्री करा. कॉम्प्युटर असेल तर त्यावर गूगलचं adb टूल टाका, फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमधून यूएसबी डीबगिंग चालू करून फोन केबलने जोडा आणि ही एक कमांड द्या:

```
adb shell getprop ro.boot.boot_devices
```

उत्तरात `ufshc` किंवा `ufshci` दिसलं की यूएफएस, आणि `sdhci` किंवा `mmc` दिसलं की ईएमएमसी. काही फोन रिकामं उत्तर देतात, मग एवढी खटपट करू नका, ॲन्ड्रोबेंच किंवा सीपीडीटी टाकून स्टोरेज टेस्ट लावा. दहा-बारा जीबी जागा मोकळी असू द्या, बाकी ॲप बंद करा, फोन गरम असेल तर थांबा. सीक्वेन्शियल रीड २५०-३०० च्या घरात अडकला तर ईएमएमसी, ५०० च्या वर आरामात गेला तर यूएफएस, कारण ईएमएमसीच्या बसची कमाल मर्यादाच ४०० आहे, त्यावर खरा आकडा येऊच शकत नाही. एखाद्या टेस्टमध्ये ईएमएमसीवर दोन-तीन हजार दिसले तर तो रॅममधल्या कॅशेचा आकडा आहे, स्टोरेजचा नव्हे, टेस्टची फाइल मोठी करून परत लावा. आणि मग रँडम रीडची ओळपण बघा, तीच तुमच्या रोजच्या कामाची.

तुमच्या दोन फोनमध्ये वर म्हटल्याप्रमाणे ६ वाला यूएफएस आणि ८ वाला ईएमएमसी निघाला तर डोळे झाकून ६ वाला घ्या, तुम्ही सांगितलेल्या वापराला ६ पुरतात. दोन्ही यूएफएस २.२ निघाले आणि प्रोसेसरही तोच असला तर मग खुशाल ८ घ्या, तिथे जास्त जीबीचा फायदा खरा आहे. ४ जीबी यूएफएस विरुद्ध ८ जीबी ईएमएमसी असा पेच असता तर मात्र मी दोन्ही सोडून हजार-दीड हजार वाढवून ६ जीबी यूएफएसच बघायला सांगितलं असतं, कारण आजच्या अँड्रॉइडला ४ मध्ये सिस्टीमनेच अर्ध्याच्या आसपास जागा खाल्लेली असते, मग सारखं ॲप मारा आणि सारखं परत वाचा, आणि चांगलं स्टोरेजही त्या ओढाताणीत दमतं. आणि दुकानदार परत १६ जीबी म्हणाला तर त्याला फक्त स्टोरेज ईएमएमसी का यूएफएस एवढं विचारा. माहीत नसेल तर त्याच्याच फोनवर कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशन पेज उघडायला लावा, रिव्ह्यू साइटचं नको, आणि तिथे तुमच्याच व्हेरिएंटची ओळ बघून मगच पैसे द्या.